लॅपटॉपच्या स्लॉटमध्ये एसडी कार्ड दिसना, रीडर गेला का ड्रायव्हर का नुसता कचरा?

क्लिक_परभणी

मंडळी नमस्कार. लग्नाच्या ऑर्डरी करतो, कॅमेऱ्यातून कार्ड काढायचं, लॅपटॉपच्या बाजूच्या स्लॉटमध्ये सारायचं आणि कॉपी मारायची, एवढंच वर्षानुवर्षं चालू होतं. आता मागच्या आठवड्यापासून कार्ड सारलं तरी काहीच होईना. आवाज नाही, ड्राइव्ह नाही, काही एरर पण नाही, जणू आपण कार्ड घातलंच नाही असं. दोन वेगवेगळी कार्डं लावून बघितली, एक ६४ जीबीचं आणि एक जुनं ८ जीबीचं, दोन्हींचं तेच, काहीच होईना. विंडोज १० आहे, लॅपटॉप पाच-सहा वर्षांचा. इथल्या दुकानात दाखवला तर त्यानं न उघडताच सांगितलं की रीडर गेलाय, बोर्डवरचं काम आहे, आठ दिवस लॅपटॉप ठेवून जा. आता लग्नसराईत आठ दिवस लॅपटॉप कसा ठेवू? त्याच्याकडं द्यायच्या आधी घरच्या घरी काही कळतं का, की खरंच रीडर मेलाय का दुसरंच काही, हे सांगा राव कुणीतरी.

बालाघाट_७

दादा हे शंभर टक्के ड्रायव्हरचं काम आहे. विंडोज अपडेट आलं की असंच होतं, माझ्या भाच्याच्या लॅपटॉपला पण झालतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन कार्ड रीडर अनइन्स्टॉल मारा आणि रिस्टार्ट करा, आपोआप परत येतो. आणि कार्डाच्या बाजूचं ते लॉकचं बटण खाली तर नाही ना ते पण बघा, लॉक असलं की कार्ड घेत नाही.

मोंढा_नाका

माझं पण कार्ड दिसना गेलंय. मोबाइलमधलं ३२ जीबीचं, गावाकडच्या जत्रेचे सगळे फोटो त्यात आहेत, फोन म्हणायलाय की फॉरमॅट करा. फॉरमॅट केल्यावर फोटो परत येतील का?

गंजगोलाई

मोंढा_नाका भाऊ, आधी तुमचं. फॉरमॅट अजिबात दाबू नका आणि त्या कार्डावर नवीन काही घेऊ नका. फोन फॉरमॅट मागायलाय म्हणजे फोनला कार्ड दिसायलंय, आतला हिशोब बिघडलाय. तुमचा आजार वेगळा आहे, वेगळा धागा काढा, तिथं बोलू.

आता परभणीकर. लातूरला लॅपटॉप रिपेरिंगचं काम करतो, कार्ड रीडरवाले लॅपटॉप येतात अधूनमधून, आणि खरं सांगायचं तर चिप मेलेली असते असं क्वचित. तुमच्या दुकानदारानं न उघडता सांगितलं ते बरोबर निघू पण शकतं, पण त्यानं ते बघून सांगितलेलं नाही.

सगळ्यात आधी कार्डावरचा संशय काढून टाका. मेडिकलच्या बाजूला मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानात यूएसबीचा कार्ड रीडर मिळतो, साधा, पेनड्राइव्हसारखा. तोच लॅपटॉप, त्याच्याच यूएसबीला तो रीडर, त्यात तुमची दोन्ही कार्डं लावून बघा. दोन्ही उघडली तर कार्डं चांगली आहेत आणि विंडोजला कार्डं वाचता येतात, एवढं पक्कं झालं. मग उरतो फक्त तो स्लॉट, त्याच्या मागची चिप आणि त्या चिपचा ड्रायव्हर.

लॉकच्या बटणाबद्दल बालाघाटभाऊ, थोडं चुकतंय. ते बटण कार्डातल्या कुठल्याच वायरीला जोडलेलं नसतं, नुसता प्लॅस्टिकचा तुकडा आहे, स्लॉटमधली एक छोटी कळ तो कुठं आहे ते बघते. लॉक असलं तर कार्ड उघडतं, फोटो दिसतात, फक्त डिलीट करणं आणि कार्डावर नवीन काही टाकणं होत नाही. लॉकमुळं कार्ड दिसायचंच बंद होत नाही.

क्लिक_परभणी

यूएसबीवाला रीडर शेजारच्या पोराकडं होता, आणला. दोन्ही कार्डं एकदम झकास उघडली, फोटो पण सगळे आहेत. बालाघाट दादांनी सांगितलं तसं अनइन्स्टॉल करून रिस्टार्ट पण केलं, काही फरक नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये `Memory technology devices` खाली `Realtek PCIE CardReader` दिसतंय, पिवळं चिन्ह वगैरे काही नाही, आणि आत उघडलं तर लिहिलंय `This device is working properly.` मग वर्किंग प्रॉपर्ली आहे तर कार्ड काहून घेईना?

बालाघाट_७

बघा म्हणलं ना, रीडर चांगलाय म्हणजे विंडोजच बिघडलंय. नवीन विंडोज टाका. नाहीतर ते ड्रायव्हर आपोआप शोधणारं सॉफ्टवेअर येतं ना फुकटचं, ते टाका.

गंजगोलाई

ते फुकटचं सॉफ्टवेअर टाकू नका, कुठलाही जवळपासचा ड्रायव्हर ठोकून देतं आणि सोबत अजून चार पाहुणे आणतं. ड्रायव्हर लागलाच तर लॅपटॉप कंपनीच्या सपोर्टच्या पानावरून, मॉडेल नंबर टाकून, तिथलाच घ्या.

आणि `working properly` चा अर्थ नीट समजून घ्या, इथंच सगळे फसतात. विंडोज जेव्हा असं म्हणतं तेव्हा ते चिपबद्दल बोलतंय, स्लॉटबद्दल नाही. चिप बोर्डवर आहे, तिला हाक मारली, तिनं ओ दिली, ड्रायव्हर चढला, विंडोजचं काम झालं. त्या चिपच्या पुढं जो पत्र्याचा स्लॉट आहे, त्यातल्या स्प्रिंगा, त्यावरची धूळ, हे विंडोजला दिसतच नाही. म्हणजे तुमच्या केसमध्ये चिप मेलेली नाही, एवढं जवळजवळ नक्की झालं. मेलेली असती तर ती यादीत आलीच नसती, नाहीतर पिवळं चिन्ह घेऊन `Code 10` किंवा `Code 43` दाखवत बसली असती. ड्रायव्हरच नसता तर `Code 28` दिसला असता.

तरी ड्रायव्हरचा संशय पूर्ण गेला असं म्हणणार नाही, कारण काही वेळा ड्रायव्हर चढतो पण झोपेतून उठत नाही. म्हणजे लॅपटॉप स्लीपमध्ये जाऊन आला की रीडर गप्प, रिस्टार्ट केलं की परत चालू. तुमचं रिस्टार्टनंतर पण बंदच आहे ना? मग त्याची शक्यता कमी.

सेलूची_शुभा

माझ्याकडं अगदी असंच झालं होतं म्हणून लिहिते. शाळेचा लॅपटॉप, कार्यक्रमाचे फोटो घ्यायचे होते आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्ड रीडर नावाचं काही दिसेचना. मी घरी सगळ्यांना सांगून टाकलं की रीडर गेला. मग आमच्याकडचे एक सर म्हणले, मॅडम कार्ड आत ठेवून लॅपटॉप चालू करा. तसं केलं आणि रीडर यादीत आला! कार्ड काढलं की थोड्या वेळानं परत गायब. हे कसं काय होतं?

गंजगोलाई

शुभाताई, हे चांगलं आठवण करून दिलंत. काही लॅपटॉपमध्ये स्लॉट रिकामा असला की बॅटरी वाचवायला रीडरची वीजच तोडतात, मग तो यादीतून पण जातो. म्हणून "यादीत नाही म्हणजे मेला" असं लगेच म्हणायचं नाही. कार्ड आत ठेवून लॅपटॉप पूर्ण बंद करायचा, मग चालू करायचा, आणि मगच यादी बघायची. त्यात पण नाही आला तर बायोसमध्ये जाऊन बघायचं, पुष्कळ लॅपटॉपमध्ये तिथं एसडी कार्ड चालू-बंद करायची सोय असते, ऑफिसच्या लॅपटॉपवर तर मुद्दाम बंद ठेवतात. तिथं चालू आहे, कार्ड आत आहे, चार्जर काढून पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरून परत चालू केलं, तरी कुठल्याच सिस्टिममध्ये नाव येईना, तेव्हा मेला म्हणायचं. आणि तेव्हा पण त्याच बाजूचं यूएसबी आणि हेडफोनचं भोक चालतं का बघा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये हे तिन्ही एका छोट्या वेगळ्या बोर्डावर असतात आणि एका पट्टी केबलनं मोठ्या बोर्डाला जोडलेले असतात. तिन्ही एकदम गेलं असलं तर ती पट्टी सैल झाल्याची शक्यता जास्त.

नांदेड_टर्मिनल

परभणीकर, ड्रायव्हर का हार्डवेअर हे भांडण लिनक्सच्या पेनड्राइव्हनं लवकर मिटतं. लिनक्स मिंट पेनड्राइव्हवर घाला, त्यावरून बूट करा, इन्स्टॉल काही करायचं नाही, विंडोजला हात लागत नाही. लिनक्सचा ड्रायव्हर विंडोजपेक्षा वेगळा, त्यामुळं तिथं कार्ड चाललं तर दोष विंडोजच्या ड्रायव्हरचा, तिथं पण नाही चाललं तर खाली काहीतरी आहे. टर्मिनल उघडून हे टाका:

```
lspci | grep -i card
sudo dmesg -w
```

पहिल्यात चिपचं नाव यायला पाहिजे. दुसरी कमांड तशीच चालू ठेवायची आणि मग कार्ड सारायचं, काय ओळी पडतात ते इथं टाका. काही लॅपटॉपात रीडर यूएसबीच्या वायरीवर असतो, मग तो पहिल्यात नाही दिसणार, `lsusb` मध्ये दिसेल.

क्लिक_परभणी

रात्री बसून केलं. पहिल्या कमांडला `RTS522A PCI Express Card Reader` आलं. मग ती दुसरी चालू ठेवून कार्ड सारलं तर एक ओळ पण पडली नाही. ८ जीबी, ६४ जीबी, दोन्ही. काढलं, परत सारलं, शांतता. म्हणजे हार्डवेअर ना?

नांदेड_टर्मिनल

हो. आणि एक ओळ पण नाही ही पण बातमीच आहे. कार्ड खराब वाचलं असतं तर निदान एरर तरी पडली असती. इथं चिपला कार्ड आलंय हेच कळलेलं नाही.

गंजगोलाई

बरोबर पकडलं नांदेडकरांनी. आता स्लॉटच्या आत काय असतं ते सांगतो, म्हणजे पुढचं डोक्यात बसेल.

कार्डाच्या पाठीमागं सोनेरी पट्ट्या आहेत, नऊ. स्लॉटमध्ये त्यांच्यासाठी नऊ स्प्रिंगा, त्या पट्ट्यांना टेकतात. पण त्याशिवाय अजून एक बारीक पत्रा असतो, बहुतेक आतल्या टोकाला किंवा बाजूला. कार्ड पूर्ण आत गेलं की कार्डाची कड त्या पत्र्याला ढकलते, तो दुसऱ्या पत्र्याला टेकतो आणि चिपला निरोप जातो की कार्ड आलं. फ्रिजच्या दारातल्या दिव्याच्या बटणासारखं समजा. हा निरोपच गेला नाही तर चिप नऊ स्प्रिंगांना वीज देत नाही, विचारत पण नाही. विंडोज पण गप्प, लिनक्स पण गप्प, आणि चिप मात्र `working properly`. तुमची सगळी लक्षणं इथं जुळतात.

करून बघायचं एवढंच की ती कमांड चालू ठेवून कार्ड पूर्ण आत घालायचं आणि बोटानं हलकेच अजून आत दाबून धरायचं. मग डावीकडं जरा झुकवून, मग उजवीकडं. जोर नाही लावायचा. एखाद्या बाजूला दाबल्यावर ओळी पडायला लागल्या तर तो पत्रा नाहीतर त्याच्याखालचा कचरा हाच चोर.

क्लिक_परभणी

दादा पडली!! उजवीकडं दाबून धरल्यावर हे आलं, ६४ जीबीच्या कार्डाला:

```
mmc0: error -110 whilst initialising SD card
```

हात सोडला की परत शांत. हा ११० काय प्रकार?

नांदेड_टर्मिनल

टाइमआउट. चिपनं कार्डाला विचारलं आणि ठरलेल्या वेळात उत्तरच आलं नाही. हेच कार्ड यूएसबी रीडरमध्ये चालतंय म्हणजे कार्ड मुकं नाही, मधली वाट खराब आहे.

गंजगोलाई

म्हणजे दोन्ही गोष्टी आहेत. निरोपाचा पत्रा अडकतोय, आणि तो लागला तरी स्प्रिंगांवर मळ आहे म्हणून कार्डाचा आवाज पोचत नाही. हा लॅपटॉप कुठं कुठं फिरतो? मंडपात, गाडीत, बॅगेत?

क्लिक_परभणी

सगळीकडंच. मागं मानवतच्या बाजूला जिनिंगच्या आवारात एक कार्यक्रम होता, तिथं टेबलावर उघडा ठेवून दिवसभर काम केलं, कापसाची तूस सगळ्या कीबोर्डात. स्लॉटला एक प्लॅस्टिकचं नकली कार्ड आलं होतं झाकायला, ते तर कधीच हरवलं.

गंजगोलाई

झालं मग. ते नकली कार्ड धुळीसाठीच असतं, लोक पहिल्या दिवशी फेकून देतात.

साफ असं करा. लॅपटॉप पूर्ण बंद, स्लीप नाही, चार्जर काढलेला. शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा म्हणजे विंडोज अर्धवट झोपत नाही. मोबाइलचा टॉर्च लावून स्लॉटमध्ये बघा, स्प्रिंगा एका ओळीत, एका उंचीवर दिसल्या पाहिजेत. एखादी खाली बसलेली किंवा वाकडी असली तर मग साफ करून उपयोग नाही, थांबा आणि मला सांगा. सरळ असल्या तर तुमच्याकडं लेन्सचा रबरी फुगा असेलच, लॅपटॉप स्लॉटकडून खाली धरून फुग्यानं मारा. पेट्रोल पंपावरची हवा मारू नका, तिच्यात पाणी आणि तेल येतं, शिवाय जोरानं स्प्रिंग वाकते.

मग एखादं मेलेलं नाहीतर बिनकामाचं एसडी कार्ड घ्या. त्याच्या सोनेरी पट्ट्यांवर आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा एखादा थेंब, मोबाइल रिपेरिंगवाल्याकडं बाटली असते, शुद्ध बघून घ्या. ओघळ नको, नुसतं ओलं. ते कार्ड स्लॉटमध्ये घाला आणि काढा, पाच-सहा वेळा, पुसा, परत थेंब, परत तसंच. कार्डाच्या पट्ट्याच स्प्रिंगांना घासून मळ काढतात, आणि कड त्या निरोपाच्या पत्र्याला हलवते. कपडा गुंडाळून घालू नका, कार्डाची जाडी २.१ मिमी, स्लॉट तेवढ्यालाच बनवलाय, कपड्यानं जाड झालं की स्प्रिंगा कायमच्या बसतात. टूथपिक, सुई, टाचणी अजिबात नाही. मग अर्धा तास उघडं ठेवा, वाळू द्या.

बालाघाट_७

सॅनिटायझर चालंल का? त्यात पण अल्कोहोलच असतं. नाहीतर मेकॅनिककडचा तो गंज सोडवायचा स्प्रे आहे माझ्याकडं.

गंजगोलाई

नाही भाऊ. सॅनिटायझरमध्ये हात मऊ राहावेत म्हणून ग्लिसरीन घालतात, ते वाळत नाही, चिकट थर राहतो आणि त्यावर पुन्हा तूस चिकटते. तो स्प्रे पण तेलकटच.

सेलूची_शुभा

आणि खोडरबर? आमच्याकडं संगणकाच्या रॅमला खोडरबरच घासतात.

गंजगोलाई

कार्डाच्या पट्ट्यांवर चालतं, पांढरं मऊ रबर, हलक्या हातानं, आणि नंतर चुरा नीट पुसायचा. स्लॉटमध्ये रबर घालायचं नाही, चुरा स्प्रिंगांच्या मागं गेला की तो काढायला लॅपटॉप उघडावा लागतो.

क्लिक_परभणी

केलं. फुगा मारल्यावर अक्षरशः कापसाची एक बारीक गुंडी बाहेर आली, उजव्या कोपऱ्यातून. मग थेंबवालं काम. जुन्या कार्डाच्या पट्ट्यांवर काळपट रेघा उठल्या. वाळवून लिनक्समध्येच ८ जीबीचं सारलं, हात न लावता:

```
mmc0: new high speed SDHC card at address aaaa
mmcblk0: mmc0:aaaa SU08G 7.40 GiB
```

विंडोजमध्ये पण उघडलं, कॉपी पण झाली! गंजगोलाई दादा आणि नांदेडकर, लई उपकार झाले.

पण ६४ जीबीचं अजून कुरकुर करायलंय. कधी लगेच दिसतं, कधी `-110` देतं, आणि एकदा कॉपी अर्ध्यावर अडकून ड्राइव्हच गायब झाली. यूएसबी रीडरमध्ये तेच कार्ड पूर्ण कॉपी होतं.

नांदेड_टर्मिनल

जुनं कार्ड सावकाश बोलतं म्हणून निभतं. नवं कार्ड ओळख झाल्यावर कमी व्होल्टेजवर आणि जास्त वेगानं बोलायला लागतं, तिथं थोडासा मळ किंवा सैल स्प्रिंग पण नडते. कॉपी करताना `-84` पडतंय का बघा, पडलं तर डेटा येताना फाटायलाय.

गंजगोलाई

परत एकदा थेंबाची फेरी करा, ह्यावेळी ६४ जीबीच्या कार्डाच्या पट्ट्या पण रबरानं पुसून घ्या. त्यानं सुधारलं तर मळच होता. नाही सुधारलं तर माझा अंदाज असा की एखाद्या स्प्रिंगचा ताण गेलाय, ते साफ करून येत नाही. स्लॉट बदलावा लागतो, आणि तुमच्या मॉडेलमध्ये तो छोट्या बोर्डावर असला तर तो बोर्डच बदलणं सोपं, मोठ्या बोर्डाला हात लागत नाही. दुकानदाराला हे विचारा की स्लॉट वेगळ्या बोर्डावर आहे का, आणि तो "चिप" म्हणला तर चिप यादीत दिसते हे त्याला दाखवा.

नांदेड_टर्मिनल

मला अजून वाटतं कार्ड पण संशयित आहे. यूएसबीचा साधा रीडर बहुतेक त्याला वेगानं चालवतच नसेल, म्हणून तिथं पास होतंय. दुसरं ६४ जीबीचं, वेगवान, कुणाकडनं उसनं आणून त्याच स्लॉटमध्ये लावलं तर कळेल.

गंजगोलाई

हे मान्य. उसनं कार्ड पण अडकलं तर स्लॉट, नाही अडकलं तर तुमचं कार्ड. तोपर्यंत लग्नाचा डेटा ह्या स्लॉटमधून कॉपी करू नका, आणि कट-पेस्ट तर नाहीच. यूएसबी रीडर वापरा, आणि कॉपी उघडून बघितल्याशिवाय कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट करू नका.

क्लिक_परभणी

पाथरीच्या एका मित्राकडं तसलं कार्ड आहे, पण तो पण सीझनमध्ये आहे, रविवारनंतर देतो म्हणलाय. आलं की लॉग टाकतो. तोवर यूएसबीवर.

मोंढा_नाका

नवीन धागा काढलाय, "फोन फॉरमॅट मागतोय" नावानं. गंजगोलाई साहेब तिथं या.